आकडा बरोबर, वाक्य चूक
लेखमाला : आकड्यांचा अर्थ – लेखांक ९

गेल्या दोन लेखांकांत आपण रिग्रेशनची रेषा कशी बसवतात आणि सहगुणक कसा निघतो ते पाहिलं. आज दुसऱ्या बाजूला बसू. समोर विद्यार्थ्याचा अहवाल आहे, हातात लाल पेन आहे आणि २० गुण द्यायचे आहेत: ८ सहगुणकांच्या अर्थासाठी, ७ गृहीतकांच्या तपासणीसाठी आणि ५ मॉडेलच्या मर्यादांसाठी. आकडेमोडीला मी वेगळे गुण ठेवत नाही, कारण ती संगणक करतो आणि बहुधा बरोबरच करतो.

उदाहरण म्हणून `mtcars` घेऊ. R वापरणाऱ्या प्रत्येकाच्या संगणकावर ही माहिती असतेच, त्यामुळे पुढचं सगळं तुम्हाला स्वतः पडताळता येईल. अमेरिकेतल्या ‘मोटर ट्रेंड’ मासिकाच्या १९७४च्या अंकांतून घेतलेल्या, १९७३-७४ सालच्या ३२ गाड्यांच्या या नोंदी आहेत. प्रश्न साधा आहे: मायलेजसाठी मॅन्युअल गाडी चांगली की ऑटोमॅटिक? जगभरच्या वर्गांत हा स्वाध्याय दिला जातो आणि त्यावरच्या अहवालांत ठरावीक चुका पुन्हा पुन्हा दिसतात. त्या सगळ्या एकाच अहवालात आल्या आहेत असं समजू. विद्यार्थ्याने चालवलेल्या आज्ञा या:

```r
m1 <- lm(mpg ~ am, data = mtcars)
m2 <- lm(mpg ~ am + wt, data = mtcars)
shapiro.test(mtcars$mpg)
```

इथे `am` म्हणजे गिअरबॉक्स, ऑटोमॅटिकला ० आणि मॅन्युअलला १. `wt` म्हणजे हजार पौंडांत मोजलेलं वजन. मायलेज मैल प्रति गॅलनमध्ये आहे. आपल्या सवयीच्या मापात आणायचं तर १ मैल प्रति गॅलन म्हणजे लिटरमागे साधारण ०.४२५ किलोमीटर.

पहिल्या मॉडेलमध्ये `am`चा सहगुणक ७.२४ येतो. त्यावर अहवालातलं वाक्य असं: ‘मॅन्युअल गिअरबॉक्समुळे मायलेज ७.२४ने वाढतं.’ आकडा अगदी बरोबर आहे. १९ ऑटोमॅटिक गाड्यांची सरासरी १७.१५ आहे, १३ मॅन्युअल गाड्यांची २४.३९ आणि फरक ७.२४, म्हणजे लिटरमागे सुमारे ३ किलोमीटर. पण वाक्यातला ‘मुळे’ कुठून आला? मॉडेलने दोन गटांच्या सरासरींतला फरक सांगितला. तो फरक गिअरबॉक्सने घडवला, हे विद्यार्थ्याने आपल्या पदरचं घातलं. या गाड्या गिअरबॉक्समध्येच वेगळ्या आहेत असं नाही. ऑटोमॅटिक गाड्यांचं सरासरी वजन ३,७६९ पौंड आहे, मॅन्युअलचं २,४११. एका गटात कॅडिलॅक, लिंकन, क्रायस्लर; दुसऱ्यात होंडा सिव्हिक, फियाट, लोटस. जड गाडी जास्त इंधन पिणारच.

विद्यार्थ्याला हे नंतर सुचलं, म्हणून दुसऱ्या मॉडेलमध्ये त्याने वजन घेतलं, आणि त्याबद्दल गुण द्यायलाच हवेत. आता वजनाचा सहगुणक −५.३५ आला आणि गिअरबॉक्सचा ७.२४वरून थेट −०.०२वर घसरला. यावर त्याने लिहिलं: ‘म्हणजे गिअरबॉक्सचा मायलेजवर काहीही परिणाम नाही.’

या वाक्याला मी पहिल्यापेक्षा कमी गुण देतो. −०.०२च्या शेजारीच त्याची प्रमाण त्रुटी छापलेली आहे, १.५५. तिच्यावरून ९५ टक्क्यांचा विश्वास अंतराल काढला तर तो उणे ३.२ ते अधिक ३.१ असा येतो. म्हणजे तेवढ्याच वजनाची मॅन्युअल गाडी ३ मैलांनी सरस असू शकते किंवा ३ मैलांनी मागेही. ही माहिती दोन्ही शक्यता नाकारत नाही. ‘परिणाम नाही’ आणि ‘परिणाम आहे की नाही ते या माहितीतून कळत नाही’ ही दोन वेगळी विधानं आहेत. विद्यार्थ्याने अंदाजाचा मधला आकडा वाचला आणि त्याची रुंदी सोडून दिली.

ही रुंदी एवढी का, हे शोधायला गाड्यांची यादी उघडावी लागते. अहवाल लिहिणाऱ्यांपैकी फार थोडे ती उघडतात. दुसऱ्या मॉडेलमधला सहगुणक ‘वजन सारखं असताना’ची तुलना सांगतो. पण सारख्या वजनाच्या दोन्ही प्रकारच्या गाड्या आहेत किती? १९ ऑटोमॅटिक गाड्यांपैकी ३,००० पौंडांखाली एकच आहे, टोयोटा कोरोना. १३ मॅन्युअल गाड्यांपैकी ३,००० पौंडांवर दोनच, फोर्ड पँटेरा आणि मासेराती बोरा, आणि त्या दोन्ही स्पोर्ट्स कार. थोडक्यात, ३,००० पौंडांची सीमा ओलांडून पलीकडच्या गटाच्या शेजारी बसणाऱ्या गाड्या तीनच. बाकीच्या ठिकाणी मॉडेल आपली सरळ रेषा लांबवून कल्पनेतल्या गाडीशी तुलना करतं. ही गोष्ट सहगुणकांच्या तक्त्यात दिसत नाही. वजन आडव्या अक्षावर, मायलेज उभ्या अक्षावर घेऊन दोन गट दोन रंगांत काढले की ती लगेच दिसते.

अहवालातल्या अचल संख्येबद्दल एकच गोष्ट. ३७.३ला ‘सर्वसाधारण मायलेज’ म्हटलं आहे. ते शून्य वजनाच्या ऑटोमॅटिक गाडीचं मायलेज आहे, आणि अशी गाडी नसते. अर्धा गुण गेला.

आता गृहीतकं. अहवालात यावर एकच ओळ आहे: ‘शापिरो चाचणीत पी-मूल्य ०.१२ आलं, म्हणून गृहीतकं पूर्ण होतात.’ आज्ञा पुन्हा पाहा. चाचणी `mpg`वर, म्हणजे मूळ मायलेजवर केली आहे. रिग्रेशनमध्ये प्रसामान्यतेची अट मायलेजला लागू नसते. ती रेषेभोवतीच्या चुकांना लागू असते, आणि त्या आपल्याला अवशेषांमधून दिसतात. त्यातही या अटीचं स्थान शेवटचं. आधी विचारायचं की संबंध खरंच सरळ रेषेचा आहे का आणि नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र आहेत का. विद्यार्थ्याने सर्वांत कमी महत्त्वाची अट निवडली आणि तीही चुकीच्या स्तंभावर तपासली.

अवशेषांचा आलेख एका आज्ञेने निघतो:

```r
plot(m2, which = 1)
```

आलेखात ठिपके शून्याच्या रेषेभोवती विखुरलेले नाहीत, ते वाकलेले आहेत. हलक्या टोकाला फियाट १२८ अंदाजापेक्षा ६.९ मैल वर आणि टोयोटा कोरोला ६.४ वर. जड टोकाला क्रायस्लर इम्पीरियल ६ मैल वर, आणि तिच्या शेजारच्या लिंकन व कॅडिलॅकही वरच. मधल्या वजनाच्या बहुतेक गाड्या मात्र रेषेच्या खाली. दोन्ही टोकं वर आणि मध्य खाली, याचा अर्थ संबंध वक्र आहे आणि आपण सरळ पट्टी ठेवली आहे. याला कारणही आहे. वजनाबरोबर वाढतं ते प्रत्येक मैलाला लागणारं इंधन. मायलेज हा त्याचा व्यस्त आहे, म्हणून ते आधी झपाट्याने आणि मग सावकाश उतरतं. मायलेजऐवजी मैलामागचं इंधन घेऊन मॉडेल बसवून पाहतो, एवढं जरी अहवालात असतं तरी मी आनंदाने पूर्ण गुण दिले असते.

हा वक्रपणा आपल्या मूळ प्रश्नाच्या आड येतो. हलक्या गाड्या जवळजवळ सगळ्या मॅन्युअल आणि जड गाड्या ऑटोमॅटिक. मग रेषा हलक्या टोकाला चुकते, ते वजनाचा संबंध वक्र असल्यामुळे की मॅन्युअल गाड्यांची रेषाच वेगळी असल्यामुळे? या ३२ गाड्यांतून ते खात्रीने वेगळं काढता येत नाही.

स्वतंत्रतेचा तर अहवालात उल्लेखही नाही. ३२पैकी ७ गाड्या मर्सिडीज आहेत. त्यांतल्या २८० आणि २८०सी यांचं वजन, अश्वशक्ती आणि इंजिनाचं आकारमान तंतोतंत सारखं. ४५०च्या तिन्ही गाड्यांचं इंजिन एकच. प्रमाण त्रुटीचं सूत्र मात्र यांना सात सुट्ट्या साक्षीदार समजतं. इथे चाचणीची गरज नाही, गाड्यांची नावं वाचली तरी पुरे.

शेवटचे ५ गुण मर्यादांचे. अहवाल म्हणतो: ‘नमुना लहान आहे. अधिक माहिती मिळाल्यास अचूकता वाढेल.’ हे वाक्य दूध उत्पादनावरच्या अहवालातही चाललं असतं, म्हणून त्याला माझ्याकडे शून्य. शिवाय इथे ते दिशाभूल करणारंही आहे. अशाच आणखी ३०० गाड्या गोळा केल्या, म्हणजे हलक्या मॅन्युअल आणि जड ऑटोमॅटिक, तर अंतराल बराच अरुंद होईल, पण सारख्या वजनाच्या गाड्यांची उणीव तशीच राहील. हवी आहे ती वेगळ्या प्रकारची माहिती: एकच मॉडेल दोन्ही गिअरबॉक्समध्ये विकलं गेलं असेल तर त्या जोड्या.

दुसरी मर्यादा मॉडेलच्या निवडीची आहे. वजनासोबत पाव मैल कापायला लागणारा वेळ, म्हणजे `qsec`, घेतला तर गिअरबॉक्सचा सहगुणक २.९४ होतो आणि पी-मूल्य ०.०४७. R ची `step()` आज्ञा सगळ्या चलांतून गाळत गाळत नेमकं हेच मॉडेल हाती देते, आणि पुष्कळ अहवाल तिथेच विजय जाहीर करतात. एकाच माहितीतून ७.२४, −०.०२ आणि २.९४ अशी तीन उत्तरं निघाली. सोबतीला कोणतं चल घेतलं यावर उत्तर एवढं हलत असेल, तर ते हलणं अहवालात लिहिलंच पाहिजे. आणि दहा चलांतून निवडून काढलेल्या मॉडेलचं ०.०४७ हे पी-मूल्य, आपण पहिल्यापासून हेच मॉडेल ठरवलं होतं असं समजून वाचता येत नाही.

अहवालाचा शेवट ‘म्हणून आज गाडी घेताना गिअरबॉक्सचा विचार करण्याची गरज नाही’ असा आहे. या यादीतल्या ऑटोमॅटिक गाड्यांपैकी १५ गाड्यांना तीनच गिअर आहेत. आपल्याकडे आज विकल्या जाणाऱ्या एएमटी किंवा सीव्हीटी गाड्यांबद्दल त्या काही सांगू शकत नाहीत.

गुण असे: अर्थासाठी ८पैकी ३, वजन आठवलं म्हणून. गृहीतकांसाठी ७पैकी १. मर्यादांसाठी ५पैकी शून्य. एकूण २०पैकी ४.

याच आकड्यांवर मी १८ गुण दिले असते असा निष्कर्ष लिहून दाखवतो: ‘या यादीत मॅन्युअल गाड्यांचं मायलेज सरासरीने ७.२ मैल जास्त आहे, पण त्या सुमारे १,३५० पौंडांनी हलक्याही आहेत. वजन सारखं धरलं तर उरणारा फरक उणे ३.२ ते अधिक ३.१ मैलांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. सरळ रेषा दोन्ही टोकांना चुकते आणि सारख्या वजनाच्या गाड्या दोन-तीनच आहेत. म्हणून मॅन्युअल की ऑटोमॅटिक, या प्रश्नाचं उत्तर या माहितीतून देता येत नाही.’

पुढच्या लेखांकात मैलामागचं इंधन घेऊन हेच मॉडेल पुन्हा बसवू. तोपर्यंत वरच्या आज्ञा चालवा, वजन आणि मायलेजचा दोन रंगांतला आलेख स्वतः काढा, आणि ३,००० पौंडांच्या दोन्ही बाजूंना कोण कोण आहे ते मोजा.