का निवडलं, ते लिहिताना (भाग ७): रॅबिटएमक्यू की काफ्का?

मागच्या आठवड्यात आर्किटेक्चर डिसिजन रेकॉर्डचा, म्हणजे एडीआरचा, साचा पाहिला. मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये मांडलेल्या या नोंदीत पाच खण असतात: शीर्षक, स्थिती, पार्श्वभूमी, निर्णय आणि परिणाम. आज एक नोंद प्रत्यक्ष लिहू.

समजा, घरपोच औषधं देणाऱ्या कंपनीत सहा जणांची टीम आहे. साल २०२४ चं. ऑर्डर आली की ग्राहकाला एसएमएस जातो, बिलाची पीडीएफ बनते आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो वाचला जातो. ही कामं मेसेज क्यूमधून वर्करकडे द्यायची आहेत. टीमनं रॅबिटएमक्यू निवडला आणि एकानं पार्श्वभूमीच्या खणात लिहिलं: ‘काफ्का गुंतागुंतीचा आहे. रॅबिटएमक्यू सोपा आणि भरवशाचा आहे.’

हे वाक्य उचलून दुसऱ्या कुठल्याही कंपनीच्या नोंदीत चिकटवा, बिनबोभाट बसेल. तिथेच ते नापास होतं. पार्श्वभूमीत आधी क्यूचं नावही येऊ नये, आपल्या कामाचं वर्णन यावं. म्हणजे असं: ‘गर्दीच्या वेळी सेकंदाला तीसेक कामं येतात. एसएमएसला अर्धा सेकंद लागतो, चिठ्ठीच्या फोटोला कधी चाळीस. कामं एकमेकांवर अवलंबून नाहीत, त्यामुळे क्रम सांभाळायची गरज नाही. एखादं काम फसलं, तर तेवढंच पुन्हा करायचं असतं.’

आता तुलना आपोआप नेमकी होते. काफ्का ही मुळात वही आहे. संदेश पार्टिशनमध्ये एकाखाली एक लिहिले जातात आणि एका गटात एक पार्टिशन एकाच वाचकाच्या वाट्याला येतं. ‘इथपर्यंत वाचलं’ अशी खूण, म्हणजे ऑफसेट, तो पुढे सरकवत जातो. चाळीस सेकंदांचा फोटो आडवा आला की त्याच पार्टिशनमधले मागचे एसएमएस खोळंबतात. एकच फसलेला संदेश बाजूला काढायचा, तर त्यासाठी वेगळा टॉपिक आणि वेगळा कोड लागतो. रॅबिटएमक्यू प्रत्येक संदेशाची पोच स्वतंत्र घेतो: एक वर्कर फोटोत अडकला, तर पुढचं काम दुसऱ्या मोकळ्या वर्करकडे जातं, आणि नाकारलेलं काम डेड लेटर क्यूमध्ये टाकता येतं. नोंदीत इतकंच कारण पुरे. सेकंदाला लाखो संदेशांचे आकडे टाकायचा मोह होतो, पण तीस कामांसाठी ते दोन्हीकडे निरर्थक आहेत.

निर्णय एका वाक्यात: ‘पार्श्वभूमीतल्या कामांसाठी आम्ही रॅबिटएमक्यूच्या क्वोरम क्यू, तीन नोडवर, वापरू.’

परिणामांचा खण मात्र बहुतेक जण गुळगुळीत करून टाकतात. तिथे तोटे लिहायचे, तेही नावानिशी. पोच मिळाली की क्वोरम क्यूतला संदेश गेला. उद्या विश्लेषण करणाऱ्यांनी ‘मागच्या आठवड्यातल्या ऑर्डरी पुन्हा चालवा’ म्हटलं, तर त्या इथे सापडणार नाहीत, डेटाबेसमधून काढाव्या लागतील. काफ्कात वाचून झालेले संदेशही मुदतीपर्यंत, मूळ सेटिंगनुसार सात दिवस, राहतात. दुसरा तोटा: प्रीफेच १ च्या आसपास ठेवावा लागेल, नाहीतर एकच वर्कर दहा-वीस कामं पोटाशी धरून फोटो वाचत बसेल.

आणखी एक कारण असतं, जे लिहायला लाज वाटते: टीममधल्या दोघांनी रॅबिटएमक्यू आधी चालवलेला आहे, काफ्का कुणीच नाही. ते लिहायलाच हवं. माझ्या मते निम्म्या निवडी यावरच ठरतात आणि तांत्रिक कारणं मागाहून शोधली जातात. ते दोघं नोकरी सोडून गेले, तर नोंदीतलं एक कारण त्यांच्याबरोबर गेलं, हे उरलेल्यांना कळायला हवं.

म्हणूनच काफ्काविषयी लिहिताना आवृत्तीही लिहायची: ‘३.६ पाहून ठरवलं’. मार्च २०२५ मध्ये काफ्का ४.० आला आणि त्यात शेअर ग्रुप ही सोय सुरुवातीच्या, चाचणीच्या रूपात आली. तिच्यात एकाच पार्टिशनचे संदेश अनेक वाचकांत वाटले जातात आणि पोच संदेशागणिक घेतली जाते. आपल्या टीमचं मुख्य कारण तिथे डळमळतं. आवृत्ती लिहिलेली असेल, तर नवा माणूस पाच मिनिटांत हे ओळखतो. नसेल, तर ‘काफ्कात हे जमत नाही’ हे वाक्य टीममध्ये वर्षानुवर्षं फिरत राहतं.

निर्णय खरंच बदलला, तरी जुनी फाइल खोडायची नाही. नवी नोंद लिहायची आणि जुनीची फक्त स्थिती बदलायची:

```
doc/adr/0007-rabbitmq-for-jobs.md
Status: Superseded by 0019
```

आपल्या टीमनं सध्या ०००७ तशीच ठेवली आहे. क्यू चालवणारे दोघं अजून तिथेच आहेत.