महाधमनीची झडप अरुंद होते तेव्हा

हृदयाच्या डाव्या कप्प्यातून निघणारे रक्त महाधमनीच्या झडपेतून शरीरभर जाते. निरोगी माणसात तीन पाकळ्यांची ही झडप तीन ते चार चौरस सेंटिमीटर उघडते. वयाबरोबर पाकळ्यांवर कॅल्शियम साचते, त्या ताठर होतात आणि वाट अरुंद होत जाते. जन्मतः दोनच पाकळ्या असतील तर हे बरेच लवकर घडते. हा साठा थांबवणारे औषध अजून सापडलेले नाही.

टू-डी एको तपासणीत झडपेतून जाणाऱ्या रक्ताचा वेग मोजतात. वाट जितकी अरुंद, तितका वेग जास्त. सेकंदाला चार मीटर वेग किंवा एक चौरस सेंटिमीटरहून कमी वाट म्हणजे आजार तीव्र. वेग वर्षाला सरासरी ०.३ मीटरने वाढतो. समजा, ६८ वर्षांच्या गृहस्थांचा वेग ३.२ आहे, तीन वर्षांत तो चारच्या पुढे जाऊ शकतो. काहींत ही वाढ फार झपाट्याने होते, म्हणून एको ठरावीक काळाने करावीच लागते.

तोवर हृदयाचा स्नायू जाड होऊन वाढीव जोर लावत राहतो आणि रुग्णाला काही जाणवत नाही. मग चढावर दम लागतो, छातीत दडपण येते किंवा श्रम करताना घेरी येऊन शुद्ध हरपते. तीव्र आजारात यांपैकी एक लक्षण दिसले तरी झडप बदलण्याची वेळ आली. उपचार न केल्यास बरेच रुग्ण दोन-तीन वर्षांत दगावतात.

खरी अडचण अशी की रुग्ण नकळत आपला वेग कमी करतो. वरील गृहस्थ ‘मला काही त्रास नाही’ म्हणतील. पण गेल्या वर्षी एका दमात चढलेले तीन मजले आता ते दोनदा थांबून चढतात, हे पत्नीलाच ठाऊक असते. म्हणून घरच्यांनाही विचारले पाहिजे. लक्षणे नसतानाही हृदयाची आकुंचनशक्ती घटली असेल तर थांबत नाहीत.

शस्त्रक्रियेत छातीचे हाड उघडून, हार्ट-लंग मशीनवर रुग्णाला ठेवून जुनी झडप कापून काढतात. धातूची झडप दीर्घकाळ टिकते, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. प्राण्यांच्या ऊतीची झडप साधारण दहा-पंधरा वर्षे चालते. हाड सांधायला दोन-तीन महिने जातात.

कॅथेटरचा मार्ग, म्हणजे ‘टॅव्ही’, फ्रेंच डॉक्टर अलँ क्रिबिए यांनी २००२ मध्ये रुग्णावर प्रथम वापरला. जांघेतील धमनीतून नळी सरकवून घडी घातलेली ऊतीची झडप जुनीच्या आत उघडतात. बहुतेक रुग्ण काही दिवसांत घरी जातात. मात्र जुन्या कॅल्शियमच्या कडेने थोडी गळती राहू शकते, आणि जवळच्या विद्युतमार्गावर दाब येऊन काहींना पेसमेकर लागतो.

ऐंशीच्या पुढे किंवा शस्त्रक्रियेचा धोका जास्त असल्यास सहसा टॅव्ही, तर पन्नाशीच्या रुग्णाला सहसा शस्त्रक्रिया सुचवतात. मधल्या वयात पायाच्या धमन्यांची स्थिती, झडपेची रचना आणि बायपासची गरज पाहून ठरते. तरुण रुग्णाची ऊतीची झडप पुढे झिजणार असल्याने तिच्या आत दुसरी बसेल का, याचा विचार पहिली निवडतानाच करावा लागतो.