जाडी मोजायला झालेला उशीर

शीत रोलिंग मिलमध्ये २ मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी दोन रोलांच्या फटीतून दाबून १.५ मिलिमीटर करायची आहे, असे समजू. बाहेर पडलेल्या पट्टीची जाडी क्ष-किरणांचा गेज मोजतो. पण तो रोलांना चिकटून बसवता येत नाही. तो २ मीटर पुढे असेल आणि पट्टी सेकंदाला ५ मीटर वेगाने धावत असेल, तर चूक दिसायला ०.४ सेकंद लागतात. तोवर २ मीटर पट्टी त्याच चुकीसह निघून गेलेली असते.

खरी अडचण त्यानंतर येते. फट सुधारली तरी गेजखालून अजून जुनीच पट्टी जात असते. नियंत्रक घाईचा असेल तर तो फट आणखी आवळतो आणि पट्टी गरजेपेक्षा पातळ होते. मग उलटी सुधारणा सुरू होते आणि जाडी हेलकावे खाऊ लागते. म्हणून मागून मोजून केलेली सुधारणा मुद्दाम संथ ठेवावी लागते आणि जलद चढउतार तिच्या हातून निसटतात.

हे चढउतार बरेचदा आत येणाऱ्या पट्टीतच असतात. ते रोलांच्या आधीच मोजता येतात. समजा, एक तुकडा ०.०४ मिलिमीटरने जाड आला. या मिलमध्ये पट्टी १ मिलिमीटर जास्त दाबायला ५०० टन बल लागते आणि तेवढ्याच बलाने मिलचा सांगाडा १ मिलिमीटर ताणला जातो, असे धरू. जादा ०.०४ मिलिमीटर दाबायला २० टन जास्त लागतील, त्याने सांगाडा ०.०४ मिलिमीटर ताणला जाईल, म्हणून फट आधीच तेवढी कमी करायची. काहीच केले नाही, तर निम्मी चूक, म्हणजे ०.०२ मिलिमीटर, बाहेरच्या पट्टीत उतरते.

आता वेळ साधायची. आतली पट्टी जाड असल्याने सावकाश, सेकंदाला ३.७५ मीटरने येते. प्रवेशाचा गेज २ मीटर मागे असेल, तर तो तुकडा ०.५३ सेकंदांनी रोलांखाली पोहोचतो. हायड्रॉलिक सिलिंडरला हलायला ०.०३ सेकंद लागत असतील, तर आज्ञा ०.५० सेकंदांनी द्यायची. मिलचा वेग बदलला की हा हिशेब बदलतो, म्हणून घड्याळापेक्षा पट्टीची सरकलेली लांबी मोजणे भरवशाचे. जाडीची लाट १.५ मीटरची असेल, तर ०.२ सेकंदांची चूकही सुधारणेला नेमकी उलटी करते. जाड भागावर फट उघडते, पातळ भागावर आवळते.

आलेखात आतली लाट बाहेरही त्याच आवर्तनाने दिसली, तर वेळ किंवा सुधारणेचे प्रमाण चुकले आहे. लाट रोलाच्या फेऱ्यांशी जुळत असेल, तर दोष वेड्यावाकड्या फिरणाऱ्या रोलाचा आहे. तो प्रवेशाच्या गेजला दिसतच नाही. पोलादाचा बदलता कठीणपणाही त्याला कळत नाही. कठीण तुकड्यासाठी ५०० ऐवजी ६०० टन लागत असतील, तर वरच्या सुधारणेनंतरही सुमारे ०.००४ मिलिमीटर चूक उरते. ती काढायला मागचा संथ गेज लागतोच.