Explainer: कथेतलं पात्र वऱ्हाडी बोलतं, मग वाचकाला हसू का येतं?

नागपूर : मराठी कथेत विदर्भातलं पात्र आलं की ते बहुतेकदा विनोद करायलाच येतं. दर वाक्यात ‘बे’, दर शब्दाचं मोडकं स्पेलिंग. असं का होतं आणि ते कसं टाळता येतं?

नेमकं चुकतं कुठे?

समजा, कर्जासाठी बँकेत जाऊन आलेल्या मुलाला आई विचारते. बरेच नवे लेखक तिचं वाक्य असं लिहितात : ‘काबे पोट्ट्या, ब्यांकेत सायेब भेटला का बे?’ ‘ब्यांक’, ‘सायेब’ या स्पेलिंगमधून बोली कळत नाही, बाई अडाणी आहे एवढंच कळतं. दोनदा आलेल्या ‘बे’मुळे तिची काळजीही हरवते.

मग कसं लिहायचं?

बोली स्पेलिंगपेक्षा व्याकरणात जास्त असते. ‘तुला’चं ‘तुले’, ‘का’ऐवजी ‘काहून’, ‘म्हणत आहेत’ऐवजी ‘म्हणून राहिले’. तेच संभाषण असं होईल :

‘साहेब भेटले काय? काय म्हणे तुले?’

‘रोज उद्या या म्हणून राहिले. दोन घंटे बसलो.’

शब्द सगळे ओळखीचे आहेत, त्यामुळे पुण्याचा वाचकही अडत नाही. तरी माणसं विदर्भातलीच वाटतात.

‘बे’ कुणाला म्हणायचं?

‘बे’ बरोबरीच्या किंवा लहान माणसाला चालतं. मुलगा वडिलांना किंवा बँकेच्या साहेबांना ‘बे’ म्हणाला तर तो उर्मट ठरतो. साहेबांसमोर तोच मुलगा प्रमाण मराठीकडे झुकेल आणि घरी आला की पुन्हा ‘मले’वर येईल. हा बदल दाखवला तर त्याचं अवघडलेपण वेगळं सांगावं लागत नाही.

आधीचं उदाहरण आहे का?

आहे. उद्धव शेळके यांची ‘धग’ ही कादंबरी १९६० मध्ये आली. तिच्यातली कौतिक वऱ्हाडीत बोलते, पण तिच्या बोलण्यावर कुणी हसत नाही. वाचकाचं लक्ष तिच्या गरिबीशी चाललेल्या झगड्यावर राहतं.

सरमिसळ कशी ओळखायची?

ग्रामीण सिनेमांतून कानावर पडलेलं ‘रं’, ‘न्हवं’ वऱ्हाडी पात्राच्या तोंडी आलं की विदर्भातल्या वाचकाला ते लगेच खटकतं. विदर्भातही बोली एक नाही. भंडारा, गडचिरोलीकडची झाडीबोली वेगळी आहे. म्हणून पात्राचं गाव आधी ठरवावं आणि ‘मले’ लिहिलं तर शेवटपर्यंत ‘मले’च ठेवावं. एखाद्या रूपाची खात्री नसेल तर तिथे साधा शब्द वापरावा.

शेवटची चाचणी

संवाद प्रमाण मराठीत लिहून पाहावा. विनोद तिथेही टिकला तर तो प्रसंगातला आहे. नाहीसा झाला, तर लेखक पात्राच्या बोलीवर हसत होता. तो संवाद पुन्हा लिहावा.