दीड वाजता तापमान किती होतं?

समजा, गच्चीवर एक थर्मामीटर टांगला आहे आणि आपण दर तीन तासांनी वर जाऊन आकडा टिपतो. सकाळी ६ वाजता २० अंश, ९ वाजता २६, दुपारी १२ वाजता ३४ आणि ३ वाजता ३६. (आकडे माझे, हिशेब सोपा जावा म्हणून घेतलेले.) संध्याकाळी कुणी विचारतं, की दीड वाजता किती होतं? तेव्हा तर आपण जेवत होतो.

पट्टी घेऊन १२ आणि ३ चे बिंदू सरळ रेषेनं जोडले तर उत्तर येतं ३५. पण मग आलेखाला १२ वाजता कोपरा पडतो. सकाळभर भराभर चढणारं तापमान बाराच्या ठोक्याला एकाएकी मंदावतं, असं तो आलेख सांगतो. उन्हाला असे कोपरे नसतात. आपल्याला हवा आहे तो चारही बिंदूंतून जाणारा, कुठेही न मोडणारा वक्र.

जहाजाचे आराखडे हातानं काढायचे दिवस होते तेव्हा आरेखक असा वक्र लवचिक पट्टीनं काढत. लाकडाची पातळ, लांब पट्टी कागदावर ठेवायची, ठरलेल्या बिंदूंवर शिशाची वजनं ठेवून ती अडकवायची आणि तिच्या कडेनं पेन्सिल फिरवायची. या पट्टीचं इंग्रजी नाव स्प्लाइन. आयझॅक शोनबर्ग यांनी १९४६ साली ते गणितात आणलं. थोडीशी वाकवलेली पट्टी दोन वजनांच्या मध्ये जो आकार घेते तो जवळजवळ घन बहुपदीचा असतो, म्हणजे ज्यात चलाचा जास्तीत जास्त तिसरा घात येतो अशा राशीचा. म्हणून ही घन स्प्लाइन.

आपल्या चार बिंदूंमध्ये तीन अंतरं आहेत, म्हणजे तीन घन तुकडे. प्रत्येकाचे चार सहगुणक, एकूण १२ अज्ञातं. अटी मोजू. प्रत्येक तुकडा आपल्या दोन्ही टोकांच्या बिंदूंतून गेला पाहिजे: ६ अटी. मधल्या दोन सांध्यांवर दोन्हीकडचा चढ सारखा हवा: २. तिथेच वळणही सारखं हवं, म्हणजे द्वितीय विकलज जुळला पाहिजे: आणखी २. झाल्या १०. दोन अटी कमी पडतात, आणि पुढची सगळी गंमत या दोन अटींची आहे.

तूर्त आरेखकाची पट्टीच प्रमाण मानू. शेवटच्या वजनापलीकडे पट्टीचं टोक मोकळं असतं. तिथे तिला वाकवणारं काही नाही, त्यामुळे ती सरळ होते. म्हणजे दोन्ही टोकांना द्वितीय विकलज शून्य. हीच ‘नैसर्गिक’ टोकअट.

आता १२ अज्ञातांची १२ समीकरणं मांडत बसायचं का? मुळीच नाही. घन बहुपदीचा द्वितीय विकलज ही सरळ रेषा असते, आणि सरळ रेषा तिच्या दोन टोकांच्या किमतींवरून ठरते. तेव्हा प्रत्येक बिंदूवरचा द्वितीय विकलज हेच अज्ञात धरायचं. ६ आणि ३ वाजताचे शून्य आहेतच. ९ वाजताचा क आणि १२ वाजताचा ख म्हणू. बारा अज्ञातांची दोन झाली. तीन तासांचं अंतर हे एक एकक मानू.

द्वितीय विकलजाचं दोनदा संकलन केलं आणि तुकडा दोन्ही बिंदूंतून जायला लावला, की चढाचं सूत्र मिळतं. तुकड्याच्या उजव्या टोकाचा चढ म्हणजे त्या अंतरातला सरळ रेषेचा चढ, अधिक (डावा + दुप्पट उजवा) भागिले ६. डाव्या टोकाचा चढ म्हणजे सरळ रेषेचा चढ, उणे (दुप्पट डावा + उजवा) भागिले ६. इथे ‘डावा’ आणि ‘उजवा’ म्हणजे त्या त्या टोकाचा द्वितीय विकलज.

आपल्या तीन अंतरांत तापमान ६, ८ आणि २ अंशांनी वाढलं. हेच सरळ रेषांचे चढ. ९ वाजता डावीकडून आणि उजवीकडून येणारा चढ सारखा ठेवू:

६ + (० + २क)/६ = ८ − (२क + ख)/६

सहानं गुणून आवरलं की उरतं:

४क + ख = १२

१२ वाजताही तसंच:

८ + (क + २ख)/६ = २ − (२ख + ०)/६

म्हणजे

क + ४ख = −३६

ही दहावीची एकसामयिक समीकरणं. पहिल्याला ४ नं गुणून दुसरं वजा केलं की १५क = ८४, म्हणून क = ५.६ आणि ख = −१०.४. ९ वाजता वक्र उताण्या वाटीसारखा आहे, १२ वाजता पालथ्या. तापमान आधी वेग घेतं, मग मंदावतं, तेव्हा चिन्हं बरोबर आहेत. पडताळा हवा असेल तर १२ वाजताचा चढ दोन्हीकडून काढा. दोन्ही बाजूंनी ५.४७ आला नाही तर बेरीज-वजाबाकी चुकली आहे.

सिव्हिल इंजिनिअरिंग शिकलेल्यांना हे एक-चार-एक ओळखीचं वाटेल. अनेक खांबांवर टेकलेल्या तुळईसाठी क्लेपेरॉनचं १८५७ चं तीन घूर्णांचं प्रमेय याच साच्याचं आहे. पट्टी ही तुळईच की! मात्र अंतरं सारखी असली तरच एक-चार-एक. एखादं माप ९ ऐवजी ८ वाजता घेतलं असेल तर मधला सहगुणक दोन्ही अंतरांच्या बेरजेची दुप्पट होतो आणि कडेला ती ती अंतरं येतात. परीक्षेत सर्रास होणारी चूक हीच.

आता दीड वाजताचं पाहू. अंतराच्या बरोबर मध्यावर वक्राची किंमत म्हणजे दोन टोकांची सरासरी, उणे दोन्ही द्वितीय विकलजांच्या बेरजेचा सोळावा भाग: ३५ + १०.४/१६ = ३५.६५ अंश.

हेच संगणकावर करून पाहावं म्हणून पायथॉनच्या SciPy मध्ये चार आकडे घातले, तर उत्तर येतं ३६.२५. हात खरा की यंत्र? दोघंही खरे. न सांगता SciPy नैसर्गिक टोकअट धरत नाही. दुसऱ्या आणि उपांत्य बिंदूवर सांधाच नाही असं ते मानतं. चार बिंदूंत हे दोनच सांधे, त्यामुळे तीन तुकड्यांचा एकच घन वक्र होतो. आपली अट हवी असेल तर ती लिहावी लागते:

```
from scipy.interpolate import CubicSpline
s = CubicSpline([0,1,2,3], [20,26,34,36],
                bc_type='natural')
print(s(2.5), s([1,2], 2))
```

आता ३५.६५ येतं, आणि पाठोपाठ ५.६ व −१०.४.

सहा दशांश अंशांचा हा फरक निव्वळ टोकाच्या अटीतून आला. त्यात नैसर्गिक अटीची बाजू मला लंगडी वाटते. ती पट्टीला नैसर्गिक आहे, तापमानाला नाही. दुपारी ३ च्या सुमारास तापमान माथ्यावरून वळत असतं, आणि नेमकं तिथेच आपण वळण शून्य धरलं. दुसऱ्या बाजूला एकच घन वक्र तिथे −१४ इतकं वळण घेतो, तेही चार आकड्यांच्या भरवशावर. या चार आकड्यांवरून दोघांत निवड करता येत नाही.

म्हणून टोकाजवळचा आकडा महत्त्वाचा असेल तर संध्याकाळी ६ वाजता पुन्हा एकदा गच्चीवर जा. समजा, तेव्हा ३१ अंश भरले. अज्ञातं तीन, समीकरणं तीन, टोकाचं शून्य ६ वाजेपर्यंत सरकलं. हिशेब केल्यावर ३ वाजताचं वळण −८.४६ येतं, आणि दीड वाजताचं तापमान ३६.०४ अंश.