गढूळ पाणी, शाडू आणि सहा बरण्या

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात जलशुद्धीकरणाचा प्रकल्प म्हटलं की एकच चित्र दिसतं. उलटी धरलेली प्लॅस्टिकची बाटली, तिच्यात कापूस, कोळसा, वाळू, खडी, आणि खाली ग्लासात पडणारं बऱ्यापैकी स्वच्छ पाणी. ही मांडणी छान दिसते, पण तिला प्रयोग म्हणता येत नाही. प्रयोगात काहीतरी विचारलेलं असतं आणि उत्तर मोजून मिळतं. या बाटलीत थर किती जाड ठेवायचे, ते बदलले तर काय होतं, पाणी किती स्वच्छ झालं, यांपैकी काहीच विचारलेलं नसतं. परीक्षकांनी ‘यात तुम्ही काय बदललंत?’ एवढंच विचारलं तरी मुलं गप्प होतात.

घोडपदेवच्या मुलांना याहून चांगला प्रयोग घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर मिळू शकतो. मात्र आधी एक गैरसमज दूर करायला हवा. पुष्कळ मुलं नळाचं पाणी बाटलीत भरून ते ‘शुद्ध’ करून दाखवतात. घोडपदेव महापालिकेच्या ई विभागात येतं आणि या भागाला पाणी पुरवणारा भंडारवाडा जलाशय माझगावच्या टेकडीवर, जोसेफ बाप्टिस्टा उद्यानाखाली आहे. नळाला येणारं पाणी शुद्धीकरण केंद्रांत गाळून, क्लोरीन घालून आलेलं असतं. भांडुपचं केंद्र हे त्यांतलं सगळ्यात मोठं. स्वच्छ पाण्यावर स्वच्छतेचा प्रयोग केला तर आकड्यांत फरक दिसणारच नाही. म्हणून गढूळ पाणी आपणच तयार करायचं, कारण मग त्यात माती किती आहे हेही आपल्याला ठाऊक असतं.

इथे शाडू उपयोगी पडतो. लालबाग-परळच्या गणपती कारखान्यांतून मूठभर शाडू सहज मिळतो. त्याचे कण इतके बारीक असतात की ते बराच वेळ पाण्यात तरंगत राहतात. वाळूमिश्रित माती काही मिनिटांतच तळाला बसते आणि मग तुरटीने काय केलं हे कळतच नाही. या मातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. सारखा भार असल्याने ते एकमेकांना दूर ढकलतात, एकत्र येऊन जड होत नाहीत. तुरटीतलं अॅल्युमिनियम हा भार कमी करतं आणि पाण्यात चिकट पुंजके तयार करतं. कण त्या पुंजक्यांत अडकतात आणि सगळं तळाला बसतं. जलशुद्धीकरण केंद्रातही हेच तत्त्व वापरतात आणि गोठणद्रव्य किती घालायचं हे बरण्यांत करून बघतात. या चाचणीला ‘जार टेस्ट’ म्हणतात. आपला प्रयोग म्हणजे तिचीच घरगुती आवृत्ती.

प्रश्न असा ठेवा: दर लिटर गढूळ पाण्याला किती तुरटी घातली की ते सर्वांत स्वच्छ होतं? गृहीतक म्हणून ‘तुरटीने पाणी स्वच्छ होतं’ असं लिहू नका. ते सगळ्यांना माहीत आहे. गृहीतक असं हवं की ते खोटंही ठरू शकेल. उदाहरणार्थ, ‘१६० मिलिग्रॅमपर्यंत तुरटी जितकी वाढवू तितकं पाणी अधिक स्वच्छ होईल.’

तयारीसाठी २० लिटर नळाच्या पाण्यात १० ग्रॅम वाळलेला, कुटलेला शाडू नीट कालवा. तासभर ठेवा आणि वरचं पाणी दुसऱ्या बादलीत हळूच ओता. तळाचे जाड कण मागे राहतील. आता तुरटीचं द्रावण करा. १० ग्रॅम तुरटी पाण्यात विरघळवून बरोबर एक लिटर करा, म्हणजे एक मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम तुरटी येते. वजन शाळेच्या प्रयोगशाळेच्या काट्यावर घ्या, स्वयंपाकघरातल्या काट्याची १० ग्रॅमला खात्री देता येत नाही. द्रावण मोजायला सुई नसलेली सिरिंज पुरे. सहा सारख्या बरण्यांत एकेक लिटर गढूळ पाणी भरा, पण प्रत्येक वेळी बादली ढवळून, नाहीतर शेवटच्या बरण्यांत आपसूकच निवळलेलं पाणी जाईल. त्यांत अनुक्रमे ०, २, ४, ६, ८ आणि १६ मिलिलिटर द्रावण घाला. एक मिनिट जोरात ढवळा, दहा मिनिटं हळूहळू ढवळा, मग अर्धा तास हात लावू नका. एकटं मूल सहा बरण्या एकाच वेळी ढवळू शकत नाही. बरण्या बारा-बारा मिनिटांच्या अंतराने सुरू करा आणि प्रत्येकीचं घड्याळ वेगळं लिहून ठेवा.

इथे तुरटीचं प्रमाण आपण बदलतो, म्हणून ते स्वतंत्र चल. पाण्याची स्वच्छता त्यावर अवलंबून आहे, ते अवलंबी चल. बाकी सगळं स्थिर ठेवायचं: बरणी, पाणी, ढवळण्याचा वेग, वेळ. ‘स्थिर’ म्हणजे ‘बिनमहत्त्वाचं’ असं बरीच मुलं समजतात. खरं तर याच गोष्टी प्रयोग बिघडवतात. एका बरणीत पाच मिनिटं जास्त ढवळलं तर तिथे फरक तुरटीमुळे पडला की ढवळण्यामुळे, ते सांगता येणार नाही.

शून्य मिलिलिटरची बरणी वाया गेली असं वाटू देऊ नका. अर्ध्या तासात थोडा शाडू तुरटीशिवायही बसतो. तो किती बसतो हे ही बरणीच सांगते. तीच तुलनेची खूण.

मोजायचं कसं? काचेच्या उंच मोजपात्राखाली काळी फुली काढलेला कागद ठेवा. बरणीच्या वरच्या थरातलं पाणी सिरिंजने काढून त्यात हळूहळू ओता. वरून बघताना फुली दिसेनाशी झाली की पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये नोंदवा. उंची जास्त तेवढं पाणी स्वच्छ. बघणाऱ्याला कुठली बरणी कुठली हे ठाऊक नसावं, नाहीतर डोळे अपेक्षेप्रमाणे बघतात. आणि सगळा प्रयोग तीनदा करा. पात्र भरूनही फुली दिसत राहिली तर सरासरी काढता येत नाही, तेव्हा पुढच्या खेपेला शाडू थोडा वाढवा.

समजा सरासरी अशा आल्या: तुरटी नसताना ६ सेंटिमीटर, २० मिलिग्रॅमला ११, ४० ला २४, ६० ला २७, ८० ला २६ आणि १६० ला १९. आकडे समजावण्यापुरते आहेत. इथे गृहीतक चुकलं आणि प्रकल्प फसला असं वाटणं हा सर्वांत मोठा गैरसमज. जास्त तुरटीने पाण्याची आम्लता वाढते, कणांचा भार उलटाही होऊ शकतो आणि पुंजके नीट जमत नाहीत. म्हणजे चुकलेल्या गृहीतकाने काहीतरी शिकवलं. आता ४० आणि ६० मधला फरक तपासा. ४० च्या तीन नोंदी २२, २४, २६ आणि ६० च्या २५, २७, २९ असतील तर त्या एकमेकींत मिसळतात. तेव्हा ६० सर्वोत्तम असं म्हणू नका. ‘४० ते ८० दरम्यान फरक सिद्ध झाला नाही, म्हणून ४० पुरेसं दिसतं’ एवढंच म्हणा.

शेवटचा गैरसमज टीडीएस मीटरचा. पालक तो घेऊन येतात आणि तुरटी घातल्यावर आकडा किंचित वाढलेला बघून गोंधळतात. मीटर पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो, गढूळपणा किंवा जंतू नव्हे. तुरटी हाही क्षारच आहे. नितळ पाण्यातही जंतू असू शकतात, आणि भारतीय मानकानुसार १०० मिलिलिटर पिण्याच्या पाण्यात ई. कोलाय अजिबात नसावेत. आपल्या फुलीने हे कळत नाही. तेव्हा निष्कर्षात ‘पाणी पिण्यायोग्य झालं’ असं लिहू नका. ‘या शाडूच्या पाण्याचा गढूळपणा कमी झाला’ एवढंच लिहा, आणि प्रयोगाचं पाणी कुणालाही चाखू देऊ नका.