फोन दिला, पण लॉगिन राहिलं

जुना फोन विकायचा किंवा घरातल्या कुणाला द्यायचा ठरलं, की बहुतेक जण थेट फॅक्टरी रीसेट मारतात आणि मोकळे होतात. रीसेट करायलाच हवं, पण ते सगळ्यात शेवटचं काम आहे. त्याआधीची कामं राहून गेली, तर कधी आपलेच चॅट कायमचे जातात, कधी घेणाऱ्याच्या हाती सुरूच न होणारा फोन पडतो. आणि रीसेटच राहून गेलं, तर आपल्या फेसबुक-इन्स्टाग्रामवर दुसरंच कुणी वावरू शकतं.

यातली खरी अडचण अशी, की आपण ज्याला ‘फोनमधलं’ म्हणतो ते सगळं फोनमध्ये नसतं. फोटो आणि चॅट फोनमध्ये असतात, त्यांच्या बॅकअपच्या प्रती गूगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवर असतात. लॉगिनचा अर्धा भाग फोनमध्ये आणि अर्धा त्या कंपनीच्या सर्व्हरवर असतो. लोकलच्या पाससारखंच हे आहे. पास काढताना एकदा ओळख पटवावी लागते; नंतर रोज कुणी नाव-गाव विचारत नाही, पास दाखवला की झालं. आपण पासवर्ड टाकून लॉगिन करतो, तेव्हा अ‍ॅपला असाच एक डिजिटल पास मिळतो. त्याला टोकन म्हणतात. पुढे महिनोन्‌महिने अ‍ॅप पासवर्ड न विचारता उघडतं ते या टोकनच्या जोरावर. म्हणून ज्याच्या हाती न पुसलेला फोन, त्याच्या हाती आपलं खातं, मग त्याला पासवर्ड ठाऊक नसला तरी.

हे टोकन किती चिवट असतं ते केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये दाखवून दिलं. त्यांनी 21 जुने अँड्रॉइड फोन घेऊन ते रीसेट केले आणि आत काय उरलंय ते तपासलं. दहापैकी आठ वेळा गूगल खात्याचं मुख्य टोकन परत मिळालं. ते पुन्हा बसवल्यावर फोन आपोआप जुन्या मालकाचे ईमेल आणि संपर्क खेचू लागला. ते फोन अँड्रॉइडच्या 2.3 ते 4.3 या आवृत्त्यांचे होते. आज चित्र बदललं आहे. अँड्रॉइड 10 किंवा त्यानंतरची आवृत्ती घेऊनच बाजारात आलेल्या फोनांत सगळा मजकूर कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात साठवला जातो. रीसेट करताना ती किल्लीच नष्ट होते. आयफोनमध्येही हेच घडतं. त्यामुळे अलीकडच्या फोनवर नीट केलेलं रीसेट विश्वासाचं आहे. मात्र दहा-बारा वर्षांचा जुना फोन असेल, तर सेटिंग्जमधल्या सुरक्षेच्या भागात एन्क्रिप्शन चालू आहे का ते पाहा. नसेल तर आधी ते चालू करा आणि मगच रीसेट करा. ती सोयच नसेल, तर असा फोन परक्याला विकू नये.

आता एक उदाहरण सविस्तर पाहू. समजा, नाशिकच्या एका निवृत्त शिक्षिकेने नवा फोन घेतला आहे आणि जुना सॅमसंग फोन पुण्याला कॉलेजात जाणाऱ्या भाचीला द्यायचा आहे. सिमकार्ड नव्या फोनमध्ये गेलं आहे. जुना फोन वाय-फायवर चालू आहे.

पहिलं काम म्हणजे जुन्या फोनवर नेमकं कुठलं गूगल खातं आहे ते पाहणं. आपल्याकडे कितीतरी ज्येष्ठांची खाती दुकानदाराने किंवा कुणा नातेवाइकाने फोन घेताना घाईत उघडून दिलेली असतात. ईमेल पत्ता आठवत नाही, पासवर्ड तर कधी माहीतच नसतो. बॅकअप मात्र सगळा त्याच खात्यावर जात असतो. मावशींनी सेटिंग्जमध्ये Accounts and backup उघडून तो पत्ता वहीत लिहून घ्यावा आणि त्याच खात्याने नव्या फोनवर लॉगिन होतं का ते बघावं. पासवर्ड आठवत नसेल, तर जुना फोन हातात आणि चालू असतानाच तो बदलून घ्यावा आणि खात्याला स्वतःचा सध्याचा मोबाइल नंबर जोडावा. जुना फोन पुसल्यावर हेच काम फार अवघड होऊन बसतं, कारण ‘हे तुम्हीच आहात ना?’ असं विचारणारा गूगलचा संदेश त्याच फोनवर येत असतो.

दुसरं काम व्हॉट्सअ‍ॅपचं. ताजा बॅकअप घेऊन, किंवा Transfer chats मधून क्यूआर कोड दाखवून, चॅट नव्या फोनवर न्यावेत. नव्या फोनवर नंबर नोंदवला गेला, की जुन्या फोनवरचं व्हॉट्सअ‍ॅप आपोआप बाद होतं. इथे मात्र थांबून खात्री करावी. नव्या फोनवर दोन वर्षांपूर्वीचं एखादं संभाषण आणि त्यातला फोटो उघडून बघावा. नुसती नावांची यादी दिसली म्हणजे सगळं आलं असं होत नाही. त्यानंतर Linked devices तपासावं. जुना फोन तिथे जोडउपकरण म्हणून दिसत असेल, तर तसंच सोडू नये. त्या यादीतून त्याला मुद्दाम लॉग आउट करावं लागतं.

दोन टप्प्यांच्या पडताळणीचे सहा आकडी कोड देणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप वापरात असेल, तर त्यातली खातीही याच वेळी नव्या फोनवर न्यावीत आणि तिथला कोड वापरून एकदा लॉगिन करून पाहावं. हे अ‍ॅप पुसलं गेलं आणि त्याची प्रत कुठेच नसली, तर स्वतःच्याच खात्याचं दार आपल्याला बंद होतं. बँकेची आणि यूपीआयची अ‍ॅपही आधी नव्या फोनवर सुरू करून घ्यावीत. ती सिम आणि फोन या दोन्हींशी बांधलेली असतात, त्यामुळे नव्या फोनवर नव्याने नोंदणी करावी लागते.

तिसरं काम सोशल मीडियाचं, आणि ते नव्या फोनवरून करणं सोपं जातं. फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या Accounts Center मध्ये Password and security खाली Where you're logged in अशी यादी आहे. तिथे जुन्या फोनचं मॉडेल, गाव आणि शेवटचा वापर दिसतो. त्या ओळीवर जाऊन लॉग आउट केलं, की सर्व्हरवरची नोंद रद्द होते आणि फोनमधलं टोकन निरुपयोगी ठरतं. टेलिग्राममध्ये हीच यादी Devices या नावाने मिळते. तिथे एक खोच आहे: नुकतंच लॉगिन केलेल्या फोनवरून पहिले 24 तास बाकीची लॉगिन बंद करता येत नाहीत. म्हणून जुन्या फोनवरूनच लॉग आउट करावं, किंवा फोन देण्याआधी एक दिवस हाताशी ठेवावा. नुसतं अ‍ॅप काढून टाकणं म्हणजे लॉग आउट नव्हे. सर्व्हरवरची नोंद तशीच राहते.

इथे एका चुकीपासून फार जपलं पाहिजे. भाचीला आपले फोटो आणि नंबर दिसू नयेत म्हणून अनेक जण एकेक फोटो आणि एकेक संपर्क हाताने पुसत बसतात. सिंक चालू असताना संपर्क पुसला, की तो गूगल खात्यातूनही जातो, म्हणजे नव्या फोनवरूनही जातो. गूगल फोटोज आणि आयक्लाउडचंही तसंच आहे. चुकून असं झालंच, तर घाबरून न जाता लगेच कचरापेटी बघावी. गूगलचे संपर्क तिथे 30 दिवस राहतात, बॅकअप झालेले फोटो 60 दिवस. हाताने काहीही पुसायची गरज नसते. खातं फोनवरून काढलं, की बॅकअप खात्यात सुखरूप राहतो.

आता खातं काढायची वेळ. Manage accounts मध्ये जाऊन गूगल खातं काढावं आणि सॅमसंगचं खातं वेगळं काढावं. सॅमसंग पासमध्ये साठवलेले पासवर्ड त्या दुसऱ्या खात्याशी जोडलेले असतात, गूगलशी नाही. शाओमीच्या फोनवर शाओमीचं खातं असतं, आयफोनवर Find My बंद करून आयक्लाउडमधून बाहेर पडावं लागतं. ही पायरी चोरीविरोधी कुलपासाठी आहे. अँड्रॉइडमध्ये हे कुलूप 2015 मध्ये आवृत्ती 5.1 पासून आलं, आयफोनमध्ये 2013 मध्ये. खातं न काढता बटणं दाबून बाहेरून रीसेट केलं, तर फोन पुसला जातो पण पुन्हा सुरू करताना जुन्या मालकाचं खातं मागतो. चोराला अडवायला केलेली ही सोय मग बिचाऱ्या भाचीलाच अडवते.

शेवटी मेमरी कार्ड काढून घ्यावं, कारण फोनच्या रीसेटमध्ये ते पुसलं जाईलच असं नाही. ई-सिम असेल, तर ते नव्या फोनवर सुरू झाल्याची खात्री करावी. मग General management, Reset, Factory data reset. आयफोनवर Erase All Content and Settings. फोन पुन्हा सुरू झाल्यावर भाषा निवडायचा पडदा येतो. तिथेच न थांबता वाय-फाय जोडून दोन-तीन पायऱ्या पुढे जावं. कुठलंही खातं घालायला सांगितलं तर सगळं ठीक आहे. ‘आधीचंच खातं घाला’ असं म्हटलं, किंवा जुना पिन मागितला, तर कुलूप राहिलं आहे. ते आपल्या घरी, आपल्या पासवर्डने उघडणं सोपं असतं. पुण्यात, परीक्षेच्या आदल्या दिवशी नाही.

स्क्रीन फुटून काळी पडलेल्या फोनचं काय? एक्सचेंजमध्ये असे फोन बरेच जातात आणि खरा धोका तिथेच असतो, कारण आत सगळं जिवंत असतं. अशा वेळी नव्या फोनवरून गूगल खात्याच्या Your devices यादीत जाऊन तो फोन साइन आउट करावा, वर सांगितलेल्या प्रत्येक यादीतून त्याला काढावा आणि महत्त्वाचे पासवर्ड बदलावेत. आयफोन असेल तर iCloud.com/find वरून तो पुसायला सांगावा आणि त्यानंतर खात्यातून काढावा. दुकानदाराला पिन सांगून ‘तुम्हीच पुसून टाका’ म्हणू नये. एक्सचेंजचा माणूस दारात उभा असताना घाईघाईने रीसेट करण्यापेक्षा हे सगळं आदल्या रात्री उरकावं.

परक्याला विकत असाल तर एक कागद जरूर करा. *#06# डायल केल्यावर दिसणारा 15 आकडी आयएमईआय, तारीख, घेणाऱ्याचं नाव आणि सही. उद्या त्या फोनवरून काही गैरप्रकार झाला, तर फोन कधी आपल्या हातातून गेला हे सांगणारा तो एकमेव पुरावा असेल. आणि आठवड्याभराने त्या लॉगिनच्या याद्या पुन्हा एकदा उघडा. जुन्या फोनचं नाव कुठेही दिसत नसेल, तर व्यवहार खऱ्या अर्थाने पूर्ण झाला.